मुक्या फोडणीचे चित्रण

मोबाइलच्या फीडमध्ये आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अनेकदा आवाज बंद ठेवूनच पाहिले जातात. अशा वेळी निवेदन अक्षरांत छापले की भागते, असा जो समज आहे तो अपुरा आहे, कारण आवाजाबरोबर शब्दांखेरीज इतर खुणाही जातात. वरणाच्या फोडणीचा छोटा व्हिडिओ घेतला, तर त्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना निवेदक देतच नाही, ती मोहरीचे तडतडणे देते, आणि हिंग-हळद केव्हा घालायची हे पाहणाऱ्याला त्यावरूनच कळते.

ही खूण कानाकडून डोळ्याकडे सोपवायची, तर चित्रणापासूनच तयारी लागते. काळ्या लोखंडी पळीत काळी मोहरी दिसतच नाही, म्हणून स्टीलची पळी घेऊन, बाजूने उजेड पाडून, दाणे उडताना स्पष्ट दिसतील इतक्या जवळून दृश्य टिपावे लागते. त्या दृश्यावर लगेच मजकूर आणणे मात्र घातक ठरते: डोळा एका वेळी वाचेल किंवा पाहील, त्यामुळे दाणे उडताना सेकंद-दीड सेकंद पडदा मोकळा ठेवून मगच ‘मोहरी तडतडली, आता हिंग’ ही ओळ आणणे श्रेयस्कर.

मजकुराचे तुकडे पाडताना मराठीची वाक्यरचना विशेष सावधपणा मागते, कारण आपला नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘आत्ताच हिंग घालू नका’ या वाक्यातला ‘नका’ पुढच्या पट्टीवर गेला, तर मधल्या क्षणी पाहणाऱ्याच्या मनात नेमका उलटा अर्थ उभा राहतो, आणि त्याच वेळी अंगठा सरकला तर तोच कायम होतो. म्हणून क्रियापद व नकार एकाच पट्टीत राहतील असे तुकडे पाडावेत, पट्टी दोन ओळींहून मोठी नसावी, आणि ओळींत एवढे अंतर असावे की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत व रफारांत अडकणार नाहीत. पडद्याच्या अगदी तळाशी खात्याचे नाव आणि उजव्या कडेला बटणे येत असल्याने पट्टी त्यांच्यापासून दूर, थोडी वर ठेवणे इष्ट.

चित्रातच कोरलेला मजकूर हमखास दिसतो, पण पाहणाऱ्याला तो मोठा करता येत नाही की बंद करता येत नाही. वेळेच्या नोंदींसह वेगळी जोडलेली फाइल ही सोय देऊ शकते, मात्र फीडमध्ये ती दिसेलच याची खात्री नसते, म्हणून फोडणीसारख्या विषयात मोजक्या सूचना कोराव्यात आणि संपूर्ण निवेदन फाइलमध्ये द्यावे, हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

कसोटी सोपी आहे. व्हिडिओ पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीला आवाज बंद करून तो एकदाच दाखवावा आणि कृती सांगायला लावावी. तिने ‘पण मोहरी झाली हे कसे ओळखायचे?’ असे विचारले, तर अक्षरे मोठी न करता पळीचे दृश्य पुन्हा चित्रित करावे.