सीताफळवालीचा हिशोब

वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे लेख जमला, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. जिल्ह्याच्या पुरवण्यांत फुटपाथवरच्या माणसांवर लिहायचं काम माझ्याकडं यायचं आणि हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. स्टँडवरचा शेंगावाला, परमेश्वराच्या यात्रेत पाल टाकणारे खेळणीवाले, किनवटची गाडी आली की डब्यात चढणारी चहावाली पोरं. कुणालाही धरावं, चार प्रश्न विचारावे, नवरा दारू पितो का, कर्ज किती, मुलं शिकतात का, की मजकूर तयार.

शहरातले काही मित्र म्हणायचे, माणूस दाखव, दुःख सांगू नको. मला तो पोट भरलेल्यांचा शौक वाटायचा. कारण माझ्या लेखांनी कामं होत होती. कुणाच्या मुलीची फी भरली गेली, कुणाला शिलाई मशीन मिळालं. प्रसंग रंगवत बसून काय मिळणार, असं मी त्यांना तोंडावर विचारायचो.

मत बदललं ते एका सीताफळवालीमुळं. स्टँडबाहेर तिची जागा ठरलेली. दसऱ्याच्या मागंपुढं सीताफळं, थंडीत बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे, पावसाच्या तोंडावर जांभळं. तिच्यावरचा माझा पहिला लेख असा सुरू होत होता : ‘रणरणत्या उन्हात, विटलेल्या पदरानं घाम पुसत ती बसली आहे. समोर चार फळं, डोळ्यांत उद्याची चिंता.’ वाचकांना तो आवडला. कुणी दोन लुगडी आणून दिली, कुणी अर्धा किलो घेऊन पन्नासची नोट ठेवून उरलेले पैसे न घेता निघून गेलं. आणि तिला किनवटकडच्या डोंगरातला माल आणून देणाऱ्या टेम्पोवाल्यानं उधारी बंद केली.

तोवर तो सकाळी क्रेट उतरवायचा आणि संध्याकाळी परत जाताना पैसे न्यायचा. पेपर वाचल्यावर म्हणाला, बाई, तुमच्याकडं काहीच नाही म्हणतात, आता रोख ठेवा. तिचं भांडवल म्हणजे ही सकाळ ते संध्याकाळची उधारीच होती. ती गेली तेव्हा रोखीनं एकच क्रेट घेता येऊ लागलं. मी भेटलो तेव्हा ती चिडलेली वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, “भाऊ, तुम्ही खोटं नाही लिहिलं. पण एक दिवस बी मी त्याचे पैसे ठेवले नाहीत, ते काहून नाही लिहिलं?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. मी गेलो होतो भर दुपारी. ऊन असलं की फोटो चांगला येतो. पैसे चुकते व्हायचे ते दिवेलागणीला, तेव्हा मी घरी बसून ‘उद्याची चिंता’ लिहीत होतो.

दुसऱ्यांदा तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा सकाळी टेम्पो येण्याआधी जाऊन बसलो आणि गाशा गुंडाळेपर्यंत हललो नाही. अडचणी काय, हा प्रश्न विचारलाच नाही. तो विचारला की माणूस सरकारी फॉर्म भरल्यासारखं बोलतो. गेल्या वेळी कुणाला काय सांगितल्यावर मदत मिळाली, त्या हिशोबानं उत्तरं येतात. तिच्या हातांकडं बघत राहिलो आणि अडलं तिथं फक्त ‘हे कसं ओळखता’ एवढंच विचारलं. या एका प्रश्नानं ती जेवढी बोलली तेवढी पहिल्या लेखाच्या वेळी तासाभरात बोलली नव्हती.

क्रेट उतरल्यावर ती आधी तीन ढीग लावते. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधल्या खाचा रुंदावून पिवळट पांढऱ्या झाल्या, की फळ पिकायला लागलं समजायचं. ज्याच्या खाचा अजून हिरव्या आणि मिटलेल्या ते झाडावरून लवकर तोडलेलं. ते नुसतं काळं पडतं, गोडी धरत नाही. डोळे उघडलेलं पण टणक, ते परवाचं. देठाजवळ किंचित दबतं, ते उद्याचं. तळहातावर ठेवलं की जड आणि मऊ लागतं, ते आजचं. दाबून बघायचं नाही, दाबलं की तिथंच काळं पडतं. गिऱ्हाइकानं अंगठा लावला की ती त्याचा हात धरते, मग तो कुणीही असो. त्या दिवशी एका गुरुजींचा धरला.

गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. “आज खायचं का गावाला न्यायचं?” भोकरला जाणाऱ्याला उद्याच्या ढिगातली देते, नांदेडच्या पुढं रात्रीचा प्रवास असेल तर परवाची. गाडी सुटायला आली म्हणून एकजण घाईनं आजच्यातली उचलू लागला, तर तिनं पिशवी ओढून घेतली : “मुंबईला जाऊस्तोर लगदा होईल, मग म्हणसाल बाईनं सडकी दिली.” आदिलाबादकडच्या एका जोडप्याशी ती तेलुगूत बोलली, लगेच मागच्या माणसाशी हिंदीत, आणि दोघांचे सुट्टे पैसे एकाच वेळी परत केले. यात तिची गरिबी लपत नाही. पण पदराच्या वर्णनातून जी बाई दिसत नव्हती ती इथं समोर येते.

दुपारी चारनंतर ढीग बदलतात. सकाळचं उद्याचं फळ उन्हानं आजचं होतं आणि आजचं उताराला लागतं. तेव्हा ती भाव पाडते, तोही स्वतःहून, कुणी मागण्याआधी. त्या दिवशीचा हिशोब मी तिच्याच तोंडून उतरवला. दोन क्रेट, चाळीस किलो, एक हजाराचा माल. बावीस किलो चाळीसनं गेला, बारा किलो तीसनं, दोन किलो अंधार पडताना वीसनं. चार किलो फुटला, तो शेळ्यांना. हाती आले १,२८०. टेम्पोवाल्याला हजार, घरी जायच्या रिक्षाला साठ. उरले २२०. टेम्पोवाल्याची उधारी पुन्हा चालू झाली होती, कशी ते त्या दोघांनाच ठाऊक. गाडी थांबायच्या आत तिनं हजार मोजून पुढं धरले होते. नोटा तशाच सुतळीनं बांधलेल्या. तो मोजतही नाही.

हे २२० मी लेखात दिले, पण त्यापुढं ‘फक्त’ लिहिलं नाही. आकडा हिशोबातून आला की वाचक स्वतः थबकतो. ‘अवघ्या’, ‘जेमतेम’, ‘तुटपुंज्या’ हे शब्द घातले की त्याच्या वतीनं आपण हळहळतो आणि तो मोकळा होतो.

पत्रकारितेत याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात चोख नमुना अमेरिकेतला आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडींच्या दफनविधीसाठी पत्रकारांची झुंबड उडाली होती. जिमी ब्रेस्लिन मात्र अर्लिंग्टनच्या दफनभूमीत कबर खोदणाऱ्या क्लिफ्टन पोलार्डकडं गेला. त्याची न्याहारी, रविवारी कामावर येण्यासाठी आलेला फोन, यंत्रानं माती उकरणं, आणि तासाला तीन डॉलर एक सेंट ही मजुरी, हे त्यानं लिहिलं. मजुरी कमी की जास्त यावर चकार शब्द नाही. आपल्याकडं अनिल अवचटांनी ‘माणसं’मध्ये हमालांवर, विडी कामगारांवर लिहिलं ते असंच जवळ बसून. मी ते पुस्तक आधीही वाचलं होतं, पण त्यातलं दुःख तेवढं घेतलं होतं आणि जवळ बसणं सोडून दिलं होतं.

आता कच्चा मजकूर झाला की मी एक गोष्ट करतो. प्रत्येक वाक्यात सीताफळवालीच्या जागी शेंगावाला घालून बघतो. वाक्य तरीही चालत असेल तर ते काढतो. ‘डोळ्यांत उद्याची चिंता’ कुणालाही चालतं. गुरुजींचा हात धरणं दुसऱ्या कुणाला चिकटत नाही. पहिल्या लेखाला ही चाळणी लावली तर फोटोखालची ओळ तेवढी उरली. क्रियापदंही बघतो. त्या लेखात ती बसली होती, सोसत होती, वाट बघत होती. दुसऱ्यात निवडते, अडवते, भाव पाडते, चुकते करते.

एक खड्डा मात्र या बाजूलाही आहे. दया टाळायच्या नादात माणसाची आरती सुरू होते. कष्टाळू, हसतमुख, स्वाभिमानी, असे शब्द गोळा होतात आणि बाई पुन्हा दिसेनाशी होते. सीताफळवाली काही हसतमुख नाही. शेजारच्या केळीवाल्याशी तिचं गाडा सरकवण्यावरून रोज वाजतं. आणि घासाघीस करून भाव पाडणाऱ्याच्या किलोत ती शेवटचं एक फळ उताराचं टाकते, तेही सगळ्यांत तळाला. हे मी पाहिलं आणि लिहिलं.

छापायला देण्याआधी तिला सगळं वाचून दाखवलं. याला आमच्यातले बरेच जण हरकत घेतात. म्हणतात, मग ती आपल्याला हवं तेच ठेवू देणार. तळाच्या फळाचं वाक्य आलं तेव्हा मलाही तीच धास्ती होती. तिनं ऐकलं, मग म्हणाली, “लिवा की. पण त्यानं आधी पाच रुपये पाडले, ते बी लिवा.” बरोबर होतं. त्या एका वाक्यानं लबाडीचा तिचा स्वतःचा कायदा कळला. काढायला लावलं ते भलतंच काहीतरी, संध्याकाळी येणाऱ्या पिग्मीवाल्याकडं ती टाकते तो आकडा. घरात ठाऊक नाही. तो तेव्हाही छापला नाही, आणि इथंही देत नाही.

संपादकांना लेखाखाली मदतीची चौकट हवी होती, नाव आणि खाते क्रमांकासह. मी नको म्हटलं आणि त्याऐवजी वेगळी बातमी देतो म्हणालो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. सर्वेक्षण पुरं होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत बसलेल्या विक्रेत्याला उठवता येत नाही, असं तो सांगतो; नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही. आपल्या गावात यातलं काय झालं नि काय नाही, हे विचारणं हे बातमीचं काम आहे आणि तिथं आवाज चढवायला माझी हरकत नाही. मात्र लेख आणि बातमी एकाच दिवशी छापू नका, असं मी संपादकांना सांगून ठेवलं आहे. नाहीतर वाचक दोन्ही एकत्र वाचतो, लेखातली बाई बातमीतली पीडित होते, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला परत रोख मागतो.