पैठणीचा पोपटी काठ

घरातले माणूस ऐंशीच्या पुढे गेले, की हल्ली मंडळी त्याच्या आठवणींचे पुस्तक काढतात. मजकूर जमतो, वर्गणीही जमते. मग छापखान्यातून निवृत्त झालेला एखादा नातेवाईक हुडकून छायाचित्रांचे लोढणे त्याच्या गळ्यात बांधतात. आमच्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला तो नातेवाईक मी होतो.

आत्याचे आणि मोबाइलचे जमत नाही. ती कौतुकाने चित्रावर बोट ठेवते आणि चित्र पळून जाते! तेव्हा तिच्यापुरते कागदावर उमटेल तेच खरे. पहिल्या पानावर तिचेच चित्र घालायचे होते: नातीच्या लग्नातले, पोपटी काठाची जांभळी पैठणी नेसलेले. पुतण्याने ते मोबाइलवरून पाठवले आणि म्हणाला, "काका, इतकं स्वच्छ दिसतंय, आणखी काय हवं?"

दिसत होते स्वच्छच. पण छपाईत डोळ्यांआधी फूटपट्टीला विचारावे. असे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. या चित्रात आडवे १२०० आणि उभे १६०० पिक्सेल होते. पान साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. चित्र कडेपर्यंत भिडवायचे, तर कापणीसाठी चहूबाजूंनी अष्टमांश इंच जास्त हवे. म्हणजे उंची झाली पावणेनऊ इंच. १६०० ला पावणेनऊने भागले, तर इंचाला १८३ पिक्सेल येतात. हवे असतात सुमारे ३००.

हा ३०० चा आकडा आला कुठून? छापयंत्राला शाई फिकी किंवा गडद करता येत नाही. ते फक्त लहानमोठे ठिपके उठवते. चांगल्या गुळगुळीत कागदावर एका इंचात अशा ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी बसतात, आणि दर ओळीमागे दोन पिक्सेल असले म्हणजे बारकावा टिकतो. १८३ वर आत्याचा चेहरा कदाचित निभावला असता. पण काठावरचे मोर धुरकट झाले असते.

पुतण्याने तत्परतेने संगणकावर ७२ चा आकडा खोडून ३०० केला. फोटोशॉपच्या त्या चौकटीत `Resample` नावाची एक खूण असते. ती ठेवली, तर संगणक शेजारच्या पिक्सेलांवरून नवे पिक्सेल रचतो. ताकात पाणी घालून तांब्या भरावा तसे! खूण काढली, तर चित्र आपले खरे माप सांगते. आमच्या चित्राचे ते चार इंच बाय सुमारे ५.३ इंच निघाले. उपाय एकच: मूळ चित्र मिळवणे. मोबाइलवरून पाठवताना चित्र बहुधा आकसते. पुतणीच्या मोबाइलमध्ये मूळ प्रत होती, ३००० बाय ४००० पिक्सेलांची. ती तिने 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली आणि मापाचा प्रश्न मिटला.

उरला रंग. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकमेकांत मिसळून तो रंग घडवतो. हीच आरजीबी पद्धत. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला प्रकाश त्याच्यावर पडतो, शाई त्यातला काही गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांची ही सीएमवायके पद्धत. त्यातली निळसर शाई थोडा हिरवा प्रकाशही गिळून टाकते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी या चौघींना मिळूनही साधत नाही. रूपांतर करताना संगणक त्याऐवजी जवळात जवळचा छापता येणारा रंग निवडतो. चित्र फिके पडते ते इथे.

छापखान्याकडून त्यांच्या कागदाचे रंगप्रोफाइल मागून घेतले आणि `Proof Colors` लावून आधी पडद्यावरच पाहिले. काठ मरगळला होता. "रंग वाढवा ना जरा," पुतण्या म्हणाला. तसे केले, तर हिरवा उजळत नाही. उलट सगळा काठ एकाच रंगाचा सपाट पट्टा होतो आणि निऱ्यांची घडी नाहीशी होते. त्याऐवजी आरजीबी प्रत जपून ठेवली आणि रूपांतर शेवटी एकदाच केले. मग काठात शिरलेली किरमिजी शाई तेवढी कमी केली. हिरव्याला मळवते ती हीच. काठ पडद्याइतका पोपटी झाला नाही, पण स्वच्छ झाला आणि मोर दिसू लागले.

नमुना-प्रत मात्र पुस्तकाच्याच कागदावर घ्यावी. खरबरीत कागदावर शाईचा ठिपका पसरतो आणि सावल्या काळवंडतात. ती पाहावी दिवसा, खिडकीपाशी. पुतण्या मोबाइल शेजारी धरू लागला, तेव्हा मी आत्याला कपाटातून पैठणीच काढायला लावली. पैठणीलाही स्वतःचा दिवा नसतो! खिडकीच्या उजेडात तिचा काठ मोबाइलपेक्षा छापील पानाच्याच जवळचा निघाला.