दूध एकच, आजार दोन

आमच्या घरात दूध दोघींना चालत नाही: सासूबाईंना आणि माझ्या लेकीला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, आजीचंच नातीत उतरलं. पण दोघींच्या शरीरात जे घडतं, त्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

सासूबाईंचं दुखणं जुनं. पेलाभर दूध प्यायल्या की तासा-दोन तासांत पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी मुरडा येऊन जुलाब होतात. रात्रीपर्यंत सगळं शांत. चहातल्या दुधाने त्यांना काही होत नाही आणि ताकाशिवाय तर त्यांचं जेवण होत नाही.

लेक नऊ महिन्यांची असताना तिला गाईच्या दुधातली नाचणीची खीर भरवली. दोन चमचे खाऊन तिने तोंड फिरवलं. दहाएक मिनिटांत हनुवटीवर लाल चट्टे आले, मग पोटावर, पाठीवर पित्त उठल्यासारख्या गांधी. वरचा ओठ सुजला. ती भडाभडा ओकली आणि खोकू लागली. "हिलाही माझ्यासारखं दूध पचत नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या. पण श्वासाबरोबर येणारा शिट्टीसारखा आवाज ऐकताच रिक्षा बोलवायला त्याच आधी धावल्या.

डॉक्टरांनी विचारपूस नंतर केली. आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. त्याचं प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एवढ्याशा जिवाला अगदी थेंबभर औषध. काही मिनिटांत शिट्टी थांबली. ॲलर्जीचं सिरप खाज कमी करतं, पण बंद होत चाललेला श्वास ते मोकळा करत नाही, हे मला तिथे कळलं. बरं वाटल्यावर पुन्हा उसळी येऊ शकते, म्हणून काही तास तिथेच ठेवून घेतलं.

"पण दूध तर हिला पहिल्यांदाच दिलं," मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, ओळख त्याआधीच झालेली असते. आईच्या दुधातून किंवा त्वचेवाटे गाईच्या दुधाचे कण बाळापर्यंत पोचतात. लेकीच्या शरीराने त्या दुधातल्या प्रथिनांना शत्रू ठरवलं होतं आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवली होती. ती त्वचेत, आतड्यात, श्वासनलिकेत असलेल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. प्रथिन पुन्हा आलं की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. म्हणून अंगावर गांधी, ओठाला सूज, उलटी आणि श्वासाची शिट्टी हे सगळं एकाच वेळी. रक्तदाब कोसळला तर जिवावर बेततं.

सासूबाईंच्या बाबतीत रोगप्रतिकारशक्ती या भानगडीत पडतच नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं. बऱ्याच माणसांत ते बालपणानंतर कमी होत जातं. न पचलेलं लॅक्टोज पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. त्रास किती होणार, हे किती दूध प्यायलं यावर ठरतं. ताकातलं लॅक्टोज विरजणाने थोडं आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं पचवायलाही ते मदत करतं. त्रास खरा आहे, पण त्यातून श्वास कोंडत नाही.

पुढे लेकीची त्वचेवरची चाचणी झाली. कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने खुणा केल्या, प्रत्येकीशेजारी एकेक थेंब ठेवला आणि बारीक टोकाने त्यातून कातडीला नुसतं टोचलं. पंधरा मिनिटांत दुधाच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी फुगवटी आली. डॉक्टरांनी ती पट्टीने मोजली. मिठाच्या पाण्याचा थेंब कोरा राहिला होता. नुसती फुगवटी आली म्हणून ॲलर्जी ठरत नाही, असं त्यांनी बजावलं. खाल्ल्यावर किती वेळात काय झालं, ही हकीकत तिच्याशी जुळावी लागते. आमची जुळत होती.

मला खरी धास्ती वाटते ती आपल्या माणसांच्या मायेची. "थोडं थोडं दे, सवय होईल," हा सल्ला सासूबाईंना चालेल. लेकीला थोडंही पुरेसं आहे. दीर मोठ्या आशेने तिच्यासाठी लॅक्टोज-फ्री दुधाचा खोका घेऊन आला. त्यात साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी. तो खोका सासूबाईंनी आनंदाने संपवला. म्हशीचं आणि शेळीचं दूधही लेकीला बंद आहे, कारण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच. दह्याने आणि पनीरनेही ती बदलत नाहीत.

बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर येतात. काहींना आधी भट्टीत भाजलेल्या केकमधलं दूध सोसू लागतं, कारण उष्णतेने काही प्रथिनांची घडी मोडते. पण ते घरी करून बघायचं नाही. रुग्णालयात, इंजेक्शन हाताशी ठेवून, चिमूटभरापासून सुरुवात करतात. लेकीची ती चाचणी पुढच्या वर्षी करायची ठरली आहे.