अक्रोड आहे का?

मनालीहून बायकोचा फोटो आला. ताटलीत दोन पांढुरक्या, अर्धचंद्राकृती वस्तू, वाटीत तूप, बाजूला हिरवी चटणी. खाली प्रश्न: "अहो, हे काय आहे? हिला देऊ का?" लेकीला अक्रोडाची ॲलर्जी आहे. मी वर लडाखमध्ये. नशिबाने त्या दिवशी रेंज होती. अकादमीत नकाशे वाचायला शिकलो, पण ताट वाचायची ही पहिलीच वेळ.

आकारावरून उकडीची करंजी वाटावी. पण तांदळाची उकड गुळगुळीत असते, चकाकते. हे पावासारखं फुगलेलं, जाळीदार होतं. म्हणजे यीस्ट घालून आंबवलेली कणीक, वाफवलेली. सिड्डू! कुल्लूकडच्या पोस्टिंगमध्ये भरपूर खाल्ले होते. आत उडदाची डाळ, खसखस किंवा अक्रोड असतो, म्हणून लिहिलं, "एक मोडून फोटो पाठव."

दुसऱ्या फोटोत सारण करडं-पांढरं, ओलसर दिसलं. अक्रोडाचे तेलकट तपकिरी कण नव्हते, तेव्हा उडीद असावा. पण अक्रोड बारीक वाटला तर फोटोत कळत नाही, आणि तिकडे चटणीतही तो घालतात. "बनवणाऱ्या बाईंना विचार. तोवर देऊ नकोस."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. सारण उडदाचंच, पण त्याच पाट्यावर सकाळी चटणीसाठी अक्रोड वाटले होते.

लेकीने राजमा-भात खाल्ला. दोन्ही सिड्डू तिच्या आईने संपवले, आणि रिकाम्या ताटलीचा फोटोही मला पाठवला.