ऐनवेळचा विषय

सभेची कार्यक्रमपत्रिका ही दिसायला मोठी सभ्य चीज असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अभिनंदनाचे ठराव, परीक्षांचे वेळापत्रक, अशी ती एकेक पायरी सावकाश उतरत येते. चहाचे कप रिकामे होतात, कोणी घड्याळाकडे पाहते, कोणी मोबाइलकडे. आणि मग शेवटची ओळ येते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. माझा वीस वर्षांचा अनुभव असा, की ज्या निर्णयांनी माणसांची झोप उडते ते बहुधा या शेवटच्या दारातून आत येतात.

छापील विषयावर मतभेद असला तर तो सांगायला जागा असते. आदल्या दिवशी साहेबांच्या खोलीत जावे, पंखा किती आवाज करतो यावर दोन वाक्ये बोलावीत आणि मग मुद्द्यावर यावे. चार भिंतींच्या आत आपला विचार बदलणे कोणत्याही वरिष्ठाला परवडते. तिथे पाहणारे कोणी नसते. पण ऐनवेळच्या विषयाला आदला दिवसच नसतो. तो तिथेच जन्मतो आणि पाच मिनिटांत ठरूनही जातो. बोलायचे तर तिथेच, सगळ्यांच्या देखत.

अशा वेळी आपल्याकडे हटकून रामशास्त्री प्रभुणे आठवतात. आठवण उत्तम आहे, परंतु ती आपल्या फारशी उपयोगाची नाही. रामशास्त्री पद सोडून निघाले. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीवर येऊन बसायचे असते, आणि महिन्याच्या पाच तारखेला घराचा हप्ता भरायचा असतो. मला त्यापेक्षा चिंतामणराव देशमुख अधिक जवळचे वाटतात. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा निर्णयाइतकीच त्यांची तक्रार तो घेण्याच्या रीतीबद्दल होती. एवढा महत्त्वाचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच जाहीर झाला, असे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितले. म्हणजे तोही एका अर्थी ऐनवेळचाच विषय ! आणि हेच देशमुख त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. जाहीर मतभेदानंतरही बोलाचालीचा पूल शाबूत राहू शकतो तो असा.

आपली प्रकरणे अर्थातच याहून फार लहान असतात. माझे होते प्रथम वर्ष कलाशाखेच्या हजेरीचे.

प्राचार्यांनी ऐनवेळच्या विषयात एक यादी काढली. वर्गात एकशेवीस मुले. त्यांतील चौतीस जणांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी भरत होती. “या चौतीस जणांची टर्म मंजूर होणार नाही. नोटीस आजच जाईल,” ते म्हणाले. आजकाल नोटीस फळ्यावर लागण्याआधीच व्हॉट्सअॅपवरून मुलांच्या घरी पोचते; म्हणजे आम्ही जिना उतरेपर्यंत चौतीस घरांत रडारड सुरू होणार होती. सरांचा हेतू मला ठाऊक होता आणि पटतही होता. वर्ग ओस पडत चालले होते, आणि नियम कागदावरच राहतो अशी मुलांची खात्री झाली होती.

परंतु पहिला तास माझा असतो आणि हजेरीपट माझ्या पिशवीत होता. आमचे कॉलेज सकाळचे. रोज चार तास. जूनपासून पहिला तास सात वाजून वीस मिनिटांनी सुरू होऊ लागला होता. आदल्या वर्षी तो सात-पन्नासला असे. पलीकडच्या गावांतून येणारी एस.टी. मात्र आहे तिथेच होती. ती सात-पस्तीसला स्टँडवर लागते, आणि तिथून दहा मिनिटे चालायचे. आता साधे गणित पाहा. चारांपैकी पहिला तास रोज बुडाला आणि उरलेले तीन रोज भरले, तर हजेरी नेमकी पंचाहत्तर टक्के होते. म्हणजे त्या गाडीने येणारे मूल काठावरच उभे असते. मग एक दिवस ताप आला, की नाव यादीत ! चौतिसांपैकी एकवीस नावे या गाडीची होती. उरलेली तेरा मात्र अस्सल उडाणटप्पूंची; त्यांच्याबद्दल मला काहीच म्हणायचे नव्हते.

अशा जागी पहिला प्रश्न पडतो तो केव्हा बोलावे हा. वरिष्ठांचे वाक्य पुरे होऊ द्यावे, आणि ‘तर मग ठरलं’ हे शब्द येण्याच्या आत उभे राहावे. ती फट फार अरुंद असते. आधी उठलो तर आडवे आल्यासारखे होते. नंतर उठलो तर झालेला निर्णय मोडायला निघाल्यासारखे. मी उठले आणि म्हणाले, “सर, परवानगी असेल तर एक विचारते. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम या वर्षीपासून खरोखर पाळला जावा, असा आपला उद्देश आहे ना ?” ते म्हणाले, “अगदी तोच.” हा प्रश्न खुशामतीचा नव्हता. त्यांचा उद्देश त्यांच्या समक्ष नीट मांडला गेला, म्हणजे पुढचे बोलणे त्या उद्देशाच्या बाजूने होते. आणि आपण तो चुकीचा समजलो असलो, तर तेही तिथेच कळते.

यानंतर तोंडाशी येतो तो ‘पण’. मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि या दोन अक्षरांची मला धास्ती आहे. ‘आपला निर्णय योग्य आहे, पण—’ असे म्हटले, की ऐकणारा ‘पण’च्या मागचे सगळे पुसून टाकतो आणि सावरून बसतो. मी तिथे पूर्णविराम दिला. मग म्हणाले, “यादीतल्या एकवीस नावांबाबत हजेरीपटात एक गोष्ट आढळते. ती सभेपुढे ठेवू का ?” पुढे जूनची गोष्ट काढणे भाग होते. ते नवे वेळापत्रक सरांनीच केलेले. ‘आपण वेळापत्रक बदललेत’ या वाक्यात कर्ता मध्येच उभा राहतो आणि सगळी सभा त्याच्याकडे बघू लागते. ‘जूनपासून वेळापत्रक बदलले’ म्हटले, की वस्तुस्थिती तीच राहते आणि कर्ता गुपचूप बाहेर जातो. हे सौजन्य क्रियापदांपुरतेच ठेवावे, आकड्यांना लावू नये. मी ‘काही मुले’ म्हटले असते तर ‘काही मुले नेहमीच असतात’ असे उत्तर तयार होते. मी एकवीस म्हटले आणि हजेरीपट सरांपुढे उघडा ठेवला.

याच क्षणी घात होता होता राहिला. मागच्या बाकावरून एक सहकारी म्हणाले, “मग एस.टी.चीच टर्म नामंजूर करा !” आणि सभेत हशा पिकला. विनोद माझ्या बाजूचा होता, म्हणूनच तो अधिक वाईट. लोक हसले, की वरिष्ठांना मुद्दा दिसेनासा होतो आणि फक्त हसणारे तोंड दिसते. सरांनी पेनाचे टोपण बंद केले. आता ते मुलांविषयी बोलणार नाहीत, माझ्याविषयी बोलतील, हे मी ओळखले; ‘मॅडम, तुमचं नेहमीच असं असतं,’ अशा वाक्याची सुरुवात झाली, की समजावे, विषय हातचा गेला. मी वळून म्हणाले, “सरांची यादी अचूक आहे. हसण्यासारखं त्यात काही नाही.” आपल्याला मिळालेला पाठिंबा असा परत करताना जिवावर येते, पण तो घेऊन बोलणाऱ्याला नंतर त्याची किंमत द्यावी लागते.

मग मागणी. ती अशी असावी, की ती मान्य करताना वरिष्ठांना आपला शब्द गिळावा लागू नये. निर्णय रद्द करा, असे मी म्हटले नाही. तेरा जणांची नोटीस आज जावी. एकवीस जणांची आठ दिवस थांबवून तिघा प्राध्यापकांनी त्यांचे हजेरीपट तपासावेत. सबळ कारण असल्यास सूट देण्याचा जो अधिकार नियमानेच प्राचार्यांना दिला आहे, तो सरांनी त्यानंतर वापरावा किंवा न वापरावा. एवढे बोलून मी खाली बसले. गप्प बसणे हा यातला सर्वांत अवघड भाग. आपले म्हणणे पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात सांगावे असा मोह होतो. दुसऱ्यांदा सांगितलेला मुद्दा हट्टासारखा ऐकू येतो.

सर म्हणाले, “नियम तो नियम. अपवाद करत बसलो तर संपलंच.” सभाध्यक्षांनी एकदा असे म्हटल्यावर वाद घालू नये. सभासदाच्या हाती एकच गोष्ट उरते आणि तिची आठवण फार थोड्यांना असते. आपले म्हणणे इतिवृत्तात यावे, अशी विनंती करता येते. त्याने निर्णय बदलत नाही. परंतु उद्या कोणी विचारले, तर ही माहिती सभेपुढे आली होती एवढे कागदावर राहते. मी विचारले, “ठीक आहे, सर. ही एक ओळ इतिवृत्तात घेतली जाईल का ?” धमकीच्या स्वरात हे वाक्य टाकले, तर संबंध कायमचा बिघडतो. मी ते, पाणी मागावे तसे मागितले.

लेखनिकाने पेन उचलले. सर थोडा वेळ हजेरीपटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “थांबा. हा कागद माझ्याकडे राहू द्या. तेरांची नोटीस आज काढा. बाकीचं पुढच्या सोमवारी बघू.”

पुढे तपासणी झाली. एकविसांपैकी अठरा जणांना सूट मिळाली. तिघांची हजेरी पहिला तास वगळूनही कमीच भरली आणि त्यांची टर्म गेली. वेळापत्रक त्या वर्षी बदलले नाही; इमारत दुपारी दुसऱ्या शाळेला द्यावी लागते, तेव्हा अर्धा तास कुठून आणणार ? सरांनी सभेचा विषय माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही. पंधरवडाभर त्यांचा ‘नमस्कार’ जरा आखडता होता, एवढे मात्र जाणवले.

टर्म गेलेल्या त्या तिघांतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. “मॅडम, तुम्ही सभेत आमच्यासाठी बोललात म्हणे. सरांनी ऐकलं नाही का ?” सभेतल्या गोष्टी बाहेर जातात, त्याला इलाज नाही. सरांवर ढकलून मोकळे होणे त्या वेळी अगदी सोपे होते; आईच्या डोळ्यांत मी मोठी झाले असते. मी तिच्यापुढे तिचाच हजेरीपट ठेवला, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तासाचे रकाने एकेक करून दाखवले, आणि म्हणाले, “हा कॉलेजचा निर्णय आहे, आणि मी कॉलेजातलीच आहे.” आईने रकाने दोनदा मोजले. मग मुलीकडे वळून तिने काय विचारले ते मी ऐकले नाही. मी चहा टाकायला आत गेले होते.