पानिपताच्या महिन्यात जाऊन बसलेले एक पत्र

धोडपची लढाई १० जून १७६८ रोजी झाली. चांदवडच्या डोंगररांगेतील या किल्ल्यापाशी थोरल्या माधवरावांनी आपल्या चुलत्याचा, म्हणजे रघुनाथरावांचा पराभव केला. या लढाईनंतरच्या वर्षात नाशिक परिसरात काय घडत होते, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी मी एक जुना छापील पत्रसंग्रह घेतला, त्याच्या पानांची छायाचित्रे काढली आणि ती `tesseract` या अक्षरओळख प्रणालीला `-l mar` असे सांगून वाचायला दिली. तीनशे बारा पानांचा मजकूर एका रात्रीत हाती आला. मग तारखांप्रमाणे पत्रे लावली, आणि जानेवारी १७६१ या खान्यात एक पत्र सापडले. त्यात माधवरावांचा उल्लेख पेशवे म्हणून होता आणि नागपूरकर भोसल्यांवरील मोहिमेची वार्ता होती.

वाचकहो, जानेवारी १७६१ म्हणजे पानिपताचा महिना. नानासाहेब तेव्हा हयात होते आणि पेशवेपद त्यांच्याकडेच होते. क्षणभर मला वाटले की एखादे विलक्षण कागदपत्र हाती लागले आहे. हा मोह फार धोकादायक असतो, हे नमूद करते.

छापील पान उघडले. पत्राच्या माथ्यावर संपादकांनी कंसात २३ जानेवारी १७६९ असे दिले होते. शाई थोडी पसरली होती आणि यंत्राने शेवटच्या ९ चा १ केला होता. देवनागरीतील १ आणि ९ यांच्यात एका वेलांटीएवढेच अंतर असते. गंमत अशी की त्याच पत्राच्या अखेरीस मूळ लेखकाने दिलेली तारीख यंत्राने अचूक वाचली होती : छ १५ रमजान, तिसा सितैन मया व अलफ. तिसा म्हणजे नऊ, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६९. हे सुहूर सन झाले. ते मृग नक्षत्राच्या प्रारंभी, त्या काळी जून महिन्याच्या आरंभी, सुरू होई. त्यामुळे डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. उत्तर १७६९. शिवाय १७६१ च्या जानेवारीत रमजान नव्हताच. तेव्हा जमादिलाखर चालू होता. एकच तारीख पत्रात तीनदा तीन वेगळ्या रूपांत लिहिलेली होती. मी मात्र संगणकाला सोयीचे पडते म्हणून फक्त अंक पाहिले.

त्या दिवसानंतर मी मजकूर वापरण्याआधी तपासू लागले.

खरे तर पहिली तपासणी मी आधीच केली होती आणि तीच चुकीची होती. मी सुरुवातीची दहा पाने चाळली आणि ती जवळजवळ निर्दोष होती. पण ती प्रस्तावनेची पाने होती : मोठा ठसा, मोकळ्या ओळी, संपादकांचे ओळखीचे गद्य. पत्रे बारीक टायपात होती आणि त्यांची भाषा निराळी होती. आता मी दर तीस पानांच्या गटातून चिठ्ठी टाकून एक पान निवडते आणि त्यातील पाच ओळी छायाचित्राशी अक्षरश: ताडून पाहते. अशा नमुन्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. साठ तारखा तपासल्या आणि एकही चूक निघाली नाही, तरी सर्व तारखांत शेकडा पाचपर्यंत चुका दडलेल्या असू शकतात. म्हणून सामान्य मजकुराला नमुना पुरतो, तारखांना पुरत नाही. तारखा मी सगळ्या तपासते.

दुसरा मार्ग मोजणीचा. प्रत्येक पानातील एकूण चिन्हे मोजली, तर गळलेल्या ओळी लगेच उघड्या पडतात. इतर पाने अकराशेच्या आसपास असताना एक पान साडेसहाशेवर थांबले होते. शिवणीजवळ कागद वाकल्याने यंत्राने प्रत्येक ओळीचा शेवट सोडून दिला होता. परंतु एकूण संख्या बरोबर असूनही मजकूर बिघडलेला असू शकतो. त्यासाठी विशिष्ट चिन्हे मोजावी लागतात :

```
from collections import Counter
t = open("p047.txt", encoding="utf-8").read()
c = Counter(t)
print(len(t), c["ं"], c["ळ"])
```

ळ कशासाठी, तर चुकून हिंदीची भाषासामग्री वापरली गेली असेल तर तो जवळपास नाहीसा होतो. अनुस्वाराची गोष्ट अधिक नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ते पानोपानी असतात. मी एक पान स्वत: टाइप करून त्यातले अनुस्वार मोजले, ते ६१ भरले. यंत्राने वाचलेल्या त्याच पानात ३८ होते, आणि एकूण चिन्हांत जेमतेम तेवढाच फरक होता. वरवर वाचताना काहीच खटकत नव्हते, कारण उरलेला मजकूर आजच्या मराठीसारखा दिसत होता. पण जुन्या लेखनात ‘घोडें’ म्हणजे एक जनावर आणि ‘घोडे’ म्हणजे अनेक. पागेचा हिशेब करणाऱ्या अभ्यासकाने हा ठिपका गमावला, तर त्याने काय गमावले ते सांगायला नको.

तिसरा मार्ग शब्दसूचीचा, आणि माझा सर्वांत आवडता. आधुनिक मराठीचा साधा शब्दकोश येथे उलट त्रास देतो : कमाविसदार, मोकासा, खमसैन यांवर तो लाल रेघ ओढतो आणि खऱ्या चुकीला मान डोलावतो. माझ्या मजकुरात एका ठिकाणी ‘छ ७ साबण’ असे आले होते. शब्दकोशाची काहीच हरकत नव्हती. महिना अर्थातच साबान होता. अन्यत्र ‘छ’ चाच ६ झाल्याने तारीख ६७ रजब अशी निघाली. चांद्र महिना तिसाच्या पुढे जात नाही, म्हणून ती पकडता आली.

म्हणून मी स्वतंत्र सूची केली. तीत सुहूर सनाचे संख्याशब्द, बारा चांद्र महिने, हुद्दे, करांची नावे आणि नाशिक परिसरातील गावे व किल्ले आहेत. मजकुरातील जो शब्द सूचीत नाही, पण ध-घ, भ-म, ब-व किंवा प-ष अशा एका अदलाबदलीने सूचीतील शब्द बनतो, तो वेगळा काढायचा आणि छायाचित्र पाहायचे. आपोआप दुरुस्ती मात्र करायची नाही. मूळ लेखकाने किंवा छापणाऱ्याने खरोखरच तसे लिहिले असेल, तर आपण पुरावा पुसून टाकू.

या चाळणीत पहिल्याच फेरीत ‘घोडप’ सापडले, आणि एकदा नव्हे. ज्या किल्ल्यासाठी मी हा सारा खटाटोप मांडला होता, त्याचेच नाव यंत्राने ठिकठिकाणी घ ने लिहिले होते. मी महिनाभर ‘धोडप’ शोधत होते आणि समोर येतील तेवढेच उल्लेख आहेत असे गृहीत धरून एक परिच्छेदही लिहून बसले होते. तो आता पुन्हा लिहिते आहे.