वीस हजारांचा आकडा कोण मोजतं?

तुमच्या घरातलं कुणी कॉलेज फेस्टसाठी स्पॉन्सर शोधत दुकानोदुकानी फिरत असेल, तर त्याच्या हातातलं माहितीपत्रक एकदा नक्की वाचा. तंजावरच्या एका कॉलेजचं असंच पत्रक माझ्याकडे नव्याने लिहायला आलं होतं. कॉलेजचं नाव नको, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडेही गोल करून सांगते.

पहिल्याच पानावर होतं, ‘20,000 प्रेक्षक’. कॉलेजात विद्यार्थी 2,000, बाहेरून आलेले 500. सगळे तिन्ही दिवस आले असं धरलं तरी 7,500 हजेऱ्या होतात. मग वीस हजार आले कुठून? प्रत्येक स्पर्धेची गर्दी वेगळी मोजून बेरीज केली होती. एकच मुलगी नाच, क्विझ आणि फूड स्टॉल मिळून तीनदा मोजली गेली होती.

आम्ही माणसं मोजली. बाहेरच्यांसाठी ऑनलाइन नोंदणी धरली नाही, कारण नाव नोंदवणारे सगळे येत नाहीत. गेटवर वाटलेले मनगटी पट्टे मोजले, ते 500. कॉलेजचे स्वतःचे विद्यार्थी हजेरीवरून 1,400. म्हणजे एकूण 1,900. संध्याकाळच्या कार्यक्रमाला एका वेळी जास्तीत जास्त 1,100, कारण सभागृहात खुर्च्याच तेवढ्या. नव्या पत्रकात हे तिन्ही आकडे, आणि ते कसे मोजले तेही लिहिलं.

आता पॅकेज. जुनं ‘सिल्व्हर’ 50,000 रुपयांचं होतं. वीस हजार प्रेक्षक धरले तर माणशी अडीच रुपये पडतात, स्वस्तच वाटतं. खऱ्या 1,900 वर तोच दर 26 रुपयांच्या पुढे जातो. गांधीजी रोडवरचा कापड दुकानदार हा भागाकार तोंडी करतो. म्हणून नुसत्या स्टॉलचं 15,000 चं पॅकेज केलं, माणशी सुमारे आठ रुपये.

‘भरपूर प्रसिद्धी’ हे शब्द काढून टाकले. त्याजागी लिहिलं: फूड कोर्टशेजारी दहा बाय दहा फुटांचा स्टॉल, तीन दिवस, एक वीजजोडणी, रोज संध्याकाळी दोन घोषणा. जागा चारच स्टॉलची होती, म्हणून ‘फक्त चार’ हेही लिहिलं. प्राचार्यांची लेखी परवानगी नसलेली एकही गोष्ट ठेवली नाही. गेटवर कमान देऊ म्हणायचं आणि आदल्या दिवशी ती नाकारली जायची, यातूनच पैसे परत मागायची वेळ येते.

कुणाला काय हवं तेही वेगळं असतं. लॉजवाल्याला कुंभकोणम, तिरुचीहून येणारे 500 महत्त्वाचे. कोचिंग क्लासला कॉलेजचेच शेवटच्या वर्षाचे. त्यामुळे प्रत्येकाला दाखवायचं पहिलं पान वेगळं केलं.

शेवटी एक ओळ घातली: फेस्टनंतर दहा दिवसांत स्टॉलचे, घोषणांचे फोटो आणि गेटवरची मोजणी पाठवू. पुढच्या वर्षी दुसरी मुलं त्याच दुकानाची पायरी चढणार असतात, आणि दुकानदाराला मागचा आकडा आठवत असतो.